पाणी आणि बस्ती यांच्यामधला रकाना

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या खांबावर फुटांचे आकडे रंगवलेले आहेत. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.

एक, तीन, पाच, सात, नऊ.

जिन्याच्या वरच्या पायरीवर एक निळी पिशवी. तिच्यात काय आहे हे मी कधी विचारलं नाही.

सूर्य मावळायच्या आत जेवायचं.

०.५८

प्रांजल, मागच्या बाकावरची मुलगी: "सर, तिन्हीतला कुठलाही बदलला तरी चालतं."

साताऱ्यात त्या पुराच्या आठवड्यात एकदाही ऊन पडलं नव्हतं. मला आठवतं, कारण माझे कपडे वाळत नव्हते आणि तेव्हा मला तीच मोठी अडचण वाटत होती.

रविवार. पाणी बावीस फूट.

मी सम्मेद. सांगलीत एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. निर्णय कसे घ्यावेत हा माझा विषय आहे, आणि त्यावरून घरात बरीच थट्टा होते. भाजी आणायला निघालो की आई म्हणते, "आता ह्यो वांगी का दोडका त्याचा तक्ता करील, मग जाईल."

या वेळी तक्ता खरंच करायचा होता. फ्लॅट घ्यायचा होता. गावभागातलं आमचं घर जुनं, भिंतींना पुराची ओल कायमची. आई-बाबा घर सोडणार नाहीत. मी, सुंदरी आणि आमची सहा वर्षांची वल्लरी, आम्ही तिघांनी वेगळं व्हायचं ठरलं होतं. फ्लॅट तीन. एक गावभागातच, आमच्या घरापासून चार घरं सोडून, पार्किंगवरचा पहिला मजला. दुसरा विश्रामबागेत, चौथा मजला. तिसरा साताऱ्यात, गोडोलीत, कारण माझं साताऱ्यातलं जुनं कॉलेज मला परत बोलावत होतं. किमती तिन्हींच्या जवळपास सारख्या, म्हणून किंमत हा निकष घेतलाच नाही. गावभागाच्या बिल्डरला शनिवारी टोकन द्यायचं, नाहीतर तो दुसऱ्याला देणार.

तीन निकष राहिले. पाणी, म्हणजे पुरापासून किती सुरक्षित. बस्ती, म्हणजे आमचं जैन मंदिर आणि आई-बाबांचं घर किती जवळ. दोन्ही एकाच गल्लीत आहेत. ये-जा, म्हणजे मला कॉलेजला आणि वल्लरीला शाळेत जायला किती सोपं.

पद्धत अशी, की सगळं एकदम विचारायचं नाही. एका वेळी दोनच गोष्टी समोर ठेवायच्या. या दोनपैकी तुला महत्त्वाचं काय, आणि किती पट? दोन्ही सारखं असेल तर एक. थोडं जास्त असेल तर तीन, बरंच जास्त असेल तर पाच, मग सात, आणि त्याच्यापुढे काहीच नाही इतकं असेल तर नऊ. उलट्या रकान्यात त्याचाच उलटा अपूर्णांक आपोआप बसतो. तीन निकषांच्या जोड्या तीनच होतात, म्हणून प्रश्न तीन.

प्रश्न सुंदरीला विचारायचे होते. घरात सगळ्यात जास्त तीच असते, संध्याकाळी मुलांच्या शिकवण्याही तिथेच घेते. तिला खोलीत नेऊन विचारायला हवं होतं. पण आमच्या घरात नवरा-बायकोनं दिवसाउजेडी दार लावून कागद घेऊन बसणं म्हणजे कुजबुज. म्हणून मी तिला जेवताना विचारलं. चातुर्मास होता, आईची सूर्यास्ताची घाई होती, तिच्या ताटात शेवटची अर्धी भाकरी राहिली होती.

"बस्ती का पाणी?" मी विचारलं.

"ह्ये काय विचारणं झालं व्हय?" आई म्हणाली. "बस्तीच की. पाणी काय रोज येतंय? बस्ती रोजची हाय."

सुंदरीनं आमटी वाढली. "हो," ती म्हणाली. "बस्ती. थोडी जास्त."

थोडी जास्त म्हणजे तीन. मी तीन लिहिलं.

"पाणी का ये-जा?"

"पाणी," सुंदरी लगेच म्हणाली. "बरंच जास्त."

पाच.

आई हात धुवायला मोरीत गेली. बाबा तिच्या मागून, गुडघे धरत. तिसरा प्रश्न मी जिन्याजवळ विचारला, सुंदरी वाळलेले कपडे काढत होती तेव्हा.

"बस्ती का ये-जा?"

ती थांबली. मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. तिनं तिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "सारखंच."

एक.

सोमवार दुपार. पाणी पंचवीस फूट.

कॉलेजात डबा खायच्या सुट्टीत मी तक्ता भरला.

पाणी, बस्ती, ये-जा. आडवे तीन, उभे तीन. कर्णावर एक, एक, एक, कारण पाणी पाण्याइतकंच असतं. बाकीचे सहा रकाने तीन उत्तरांतून भरले.

मग सुसंगती तपासली. वर्गात मी हे असं सांगतो: माणसाच्या उत्तरांचा एकमेकांशी मेळ बसला पाहिजे. आंबा पेरूच्या दुप्पट आवडतो आणि पेरू केळ्याच्या तिप्पट, तर आंबा केळ्याच्या सहापट आवडायला हवा. माणूस नेमकं सहा म्हणत नाही. कुणी पाच म्हणतं, कुणी सात. तेवढं चालतं. किती चालतं त्याला एक मोजमाप आहे, सुसंगती गुणोत्तर. तक्त्यातून एक संख्या काढायची, ती निकषांच्या संख्येपेक्षा किती वर गेली ते बघायचं. तीनवर जेवढं जास्त, त्याचं निम्मं करायचं. मग उगाच, डोळे मिटून भरलेल्या तक्त्यात सरासरी जेवढी विसंगती येते तिनं भागायचं. तीन निकषांसाठी ती ०.५८ धरतात. उत्तर ०.१०च्या आत आलं तर तक्ता पास.

संख्या आली ३.८७. तीनवर ०.८७. निम्मं, ०.४४. भागिले ०.५८.

०.७५.

म्हणजे डोळे मिटून आकडे टाकले असते तर जेवढा गोंधळ झाला असता, त्याच्या पाऊण गोंधळ. माझी बायको मुलांना गणित शिकवते. ती डोळे मिटून उत्तरं देत नाही.

तक्त्याकडे नुसतं बघूनही कळत होतं. बस्ती पाण्याच्या तिप्पट, पाणी ये-जाच्या पाचपट. म्हणजे बस्ती ये-जाच्या पंधरापट हवी. तिनं सांगितलं होतं: सारखंच.

तीन उत्तरांमध्ये कुठेतरी पंधरापटीचं भगदाड होतं. ते कुठल्या उत्तरात आहे हे गुणोत्तर सांगत नाही. काहीतरी मोडलंय एवढंच ते सांगतं.

मी शिकवतो त्याप्रमाणे पुढची पायरी एकच आहे. परत जा, परत विचारा.

मी परत गेलो नाही. डबा संपवला आणि एकेक आकडा बदलून बघायला लागलो.

तिसरं उत्तर एकऐवजी नऊ केलं: ०.०२५. पास. पण ते एक मी स्वतःच्या कानांनी जिन्याजवळ ऐकलं होतं, एकाचं नऊ करणं फारच निर्लज्ज वाटलं.

पहिलं उत्तर उलटं केलं, पाणी बस्तीच्या पाचपट: शून्य. अगदी शून्य. आणि खाली, प्रत्येक निकषावर मी आधीच गुण देऊन ठेवलेल्या तीन फ्लॅटची क्रमवारी बदलली. सातारा ०.५०, विश्रामबाग ०.३३, गावभाग ०.१७. मी ते पटकन पुसलं. खोलीत मी एकटाच होतो, तरी मी दाराकडे बघितलं. मला आईचा चेहरा दिसला. चार घरं सोडून नाही, सव्वाशे किलोमीटर सोडून.

मग दुसरं उत्तर बदललं. पाणी ये-जाच्या पाचपट होतं, ते एक तृतीयांश केलं. बस्ती पाण्याच्या तिप्पट, ये-जाही पाण्याच्या तिप्पट, बस्ती आणि ये-जा सारखे. सगळं बसलं. गुणोत्तर शून्य. गावभाग ०.३७, विश्रामबाग ०.३३, सातारा ०.३०.

छापून घेतलं.

सोमवार, दिवस मावळायच्या आत.

"म्हंजे गावभागच!" आईनं कागद उलटा धरला होता, पण तिला उत्तर कळलं होतं. "बघा आवं, यंत्र बी त्येच म्हणतंय."

"यंत्राला काय कळतंय," बाबा म्हणाले, पण हसले.

सुंदरीनं कागद सरळ केला. ती रोज पाचवीच्या मुलांचे अपूर्णांक तपासते. तिचं बोट आडव्या ओळीवरून सरकलं आणि एका रकान्यावर थांबलं.

"इथं एक तृतीयांश आहे."

"हं."

"पाणी आणि ये-जा. मी तर..."

"ते जरा जुळवलं," मी म्हणालो. "मेळ बसत नव्हता. तांत्रिक आहे ते."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागावून नाही. कुणीतरी हाक मारली आणि मागे बघितलं तर कुणीच नाही, तसं.

"बरं," ती म्हणाली.

जेवण झाल्यावर मी बघितलं, ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून निळी पिशवी रिकामी करत होती. प्लास्टिकमध्ये बांधलेली कागदपत्रं. टॉर्च. मेणबत्त्या. बिस्किटांचे पुडे, त्यावरच्या तारखा तिनं नीट वाचल्या, दोन बाजूला काढले. वल्लरीचा एक फ्रॉक, आताच्या मापाचा. आणि शिट्टी. रेफरीच्या गळ्यात असते तसली, लाल दोरीची.

"शिट्टी कशाला?"

"बोटवाल्यांना ऐकू जायला. ओरडून आवाज जातो." तिनं परत सगळं भरलं. "आवाज बसतो म्हणजे."

मंगळवार. पाणी एकोणतीस फूट.

ती वल्लरीला घेऊन साताऱ्याला माहेरी गेली. चार दिवसांसाठी, असं म्हणाली. शाळेला सुट्टी नव्हती.

पिशवी घेऊन गेली.

आईनं रिकाम्या पायरीकडे बघितलं आणि मला म्हणाली, "भांडलास व्हय रं?"

"नाही."

"मग?"

मी डबा घेऊन कॉलेजला निघालो.

बुधवार. पाणी एकतीस.

तिचा फोन नाही. मी केला तर तिचे वडील दादासो बोलले, पाऊस लय आहे म्हणाले, वल्लरी भजी खातेय म्हणाले. सुंदरी? "हाय की. बसलीय." फोन तिला दिला नाही.

गुरुवार. पाणी चौतीस.

प्रात्यक्षिकाचा तास. मुलांना प्रत्येकी एका खऱ्या माणसाचा निर्णय घेऊन यायला सांगितलं होतं. प्रांजलनं तिचा भाऊ जयराज घेतला होता. त्याला नोकरीची तीन बोलावणी आली होती: पुणे, कोल्हापूर, जत. निकष तीन: पगार, घरापासूनचं अंतर, काम आवडतं का.

"सीआर शून्य आलाय सर," प्रांजल खूश होऊन म्हणाली. सुसंगती गुणोत्तराला मुलं सीआर म्हणतात. "अख्ख्या वर्गात माझाच."

"अगदी शून्य?"

"आधी झिरो पॉइंट फोर होता."

"मग जयराजला परत विचारलंस?"

"तो आटपाडीला असतो सर, फोनच उचलत नाही. मीच बदललं."

"कुठला आकडा?"

"जो बदलला की शून्य येतं तो." तिनं खांदे उडवले. "तसं सर, तिन्हीतला कुठलाही बदलला तरी चालतं. मी एक बदलला तर पुणे आलं, दुसरा बदलला तर जत आलं. जतला काय आहे सर, दुष्काळ आणि मेंढरं. मग मी पुणेवाला ठेवला."

वर्ग हसला. मी फळ्याकडे वळलो. हातात खडू होता. ओरडायचं होतं ते ओठांवर आलं: हे उत्तर कुणाचं आहे? जयराजचं की तुझं? शून्य म्हणजे खरं नव्हे. शून्य म्हणजे फक्त एवढंच की खोटं बोलणारा नीट बोललाय.

खडू खाली ठेवला. "पहिल्या उत्तराच्या वेळी," मी विचारलं, "त्याच्या शेजारी कोण बसलं होतं?"

"पप्पा," प्रांजल म्हणाली. "का हो सर?"

शुक्रवार. पाणी सदतीस.

सकाळच्या एसटीनं साताऱ्याला निघालो. खिडकीतून कराडला नदी दिसली, कोयना जिथे कृष्णेला मिळते तिथली. तांबडी, फुगलेली, पुलाखालून सांगलीकडे निघालेली. मी तिच्या उलट दिशेनं चाललो होतो. इथून हे पाणी उद्या-परवा आमच्या गल्लीच्या तोंडाशी असणार. एसटीत एक माणूस फोनवर सांगत होता, धरणाचे दरवाजे अजून दोन फूट उचललेत. शेजारची बाई म्हणाली, "उचलू देत, आमचं आटपाडीचं तळं भरलं म्हंजे झालं." कुणाला पाणी कमी, कुणाला जास्त.

मंगळवार पेठेतल्या तिच्या माहेरी सुंदरी वरच्या खोलीत होती. खिडकीतून अजिंक्यताऱ्याचा पायथा दिसत होता, वरचा डोंगर ढगात. वल्लरी खाली आजोबांना पत्त्यात फसवत होती, तिचा आवाज येत होता: "आजोबा, ते पान तुमचं नाहीच!"

मी दार लावून घेतलं. कोरा कागद काढला.

सुंदरीनं कागदाकडे बघितलं. "आता काय जुळवायचं राहिलंय?"

"परत विचारायचं राहिलंय."

"विचारलं होतं की."

"आई समोर होती तेव्हा."

बाहेर पत्र्यावर पाऊस.

मी प्रश्नांचा क्रम बदलला. ये-जा आणि पाणी. तिनं सांगितलं: पाणी, बरंच जास्त. पाच. ये-जा आणि बस्ती. सारखं. एक. तिनं उत्तरं बदलली नव्हती. ती दोन्ही पहिल्यापासून खरी होती. मी जे बदललं होतं, तेच तिचं खरं उत्तर होतं.

"पाणी का बस्ती?"

ती उठून खिडकीपाशी गेली.

"मी पाणी म्हणाले की आईंना एकटं सोडायला निघालेय असं होतं," ती म्हणाली. "त्यांच्या तोंडावर कसं बोलू? एकोणीसच्या पुरात, त्या रात्री, त्यांच्याच मांडीवर वल्लरी होती. मी शिट्टी नव्हती म्हणून ओरडत होते, त्या णमोकार मंत्र म्हणत होत्या आणि पायऱ्या मोजत होत्या. मोठ्यानं. प्रत्येक पायरी बुडाली की सांगायच्या, ही गेली. मला वाटायचं, गप्प बसा. पण त्या गप्प बसल्या की जास्त भीती वाटायची."

मला हे माहीत नव्हतं. सहा वर्षं एका छताखाली राहून माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नाही, आणि तिनं सांगितलं असतं तर मी काय म्हणालो असतो तेही मला माहीत नाही. तेव्हा मी ह्याच गावात, साताऱ्यात नोकरीला होतो. रस्ते बंद होते, फोन लागत नव्हता, आणि मी गादीवर पडून स्वतःला सांगत होतो की पहिला मजला आहे, काही होत नाही.

"तुम्ही माझ्या पाचाच्या जागी एक तृतीयांश लिहिलंत," ती म्हणाली. "कागदावर बघितलं तेव्हा मला वाटलं, ह्यांना खरंच तसंच वाटत असेल. तिकडे नव्हते म्हणून."

मी पेनाचं टोपण काढलं.

"पाणी," ती म्हणाली. "बस्तीपेक्षा बरंच जास्त. लिहा."

पाच.

पाणी बस्तीच्या पाचपट, पाणी ये-जाच्या पाचपट, बस्ती आणि ये-जा सारखे. संख्या बरोबर तीन. तीनवर काहीच नाही. गुणोत्तर शून्य. सोमवारी दुपारी दाराकडे बघून पुसलेलाच तक्ता. माझ्या खोट्या तक्त्याचंही गुणोत्तर शून्यच होतं. दोन्ही शून्यांत गणिताला काहीच फरक दिसत नाही.

सातारा ०.५०.

"आईंना कोण सांगणार?" सुंदरीनं विचारलं.

मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"बोल रं," आई म्हणाली. मागे बादल्यांचा आवाज. "पाणी सदतीसला हाय. बाबा सामान वर चढवाय लागल्यात. गुडघा धरून. ऐकत न्हाईत."

"आई, गावभागाचं टोकन मी देत नाही."

बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सुंदरी हाय का तिथं?"

"आहे आई," सुंदरी म्हणाली.

"मला ठाऊक व्हतं गं," आई म्हणाली. "मी म्होरं बसले म्हणून तू तसं बोललीस. मला काय कळत न्हाई व्हय? मी मुद्दाम बसले व्हते."

"आई..."

"मला वाटलं, पुढ्यात बसलं की तू न्हाई म्हणणार न्हाईस. आन् न्हाई म्हणालीच न्हाईस. चूक केली. पर तुमी गेलासा की आमी दोघंच ना गं वर. मोजायला बी कोण न्हाई."

सुंदरीनं माझ्या हातातून फोन घेतला. "तुम्ही दोघं आजच इकडे या. मी येते न्यायला."

"यड्यावानी करू नगंस. ह्या पावसात पोरीला सोडून कुठं येतीयास. आन् बस्तीत मुनी महाराज हाईत, चातुर्मास हाय. मी अशी उठून यीन व्हय?"

"मग मला उत्तर द्या," सुंदरी म्हणाली. तिचा आवाज शिकवणीत असतो तसा झाला. "आता तुमच्या पुढ्यात कुणी नाही. बस्ती का पाणी?"

पलीकडून बाबांचा सामान ओढल्याचा आवाज आला.

"चाळीस झालं की पाणी," आई म्हणाली. "चाळीसपतूर बस्ती. लिव्हा तुमच्या कागदावर, हे बसतंय का बघा."

हे तक्त्यात बसत नाही. एका रकान्यात एकच आकडा लिहिता येतो. तो पाण्याच्या पातळीप्रमाणे बदलत नाही. मी कागदावर पेन टेकवून ठेवलं, ते तसंच राहिलं.

"चाळीस झालं की बाबांना घेऊन निघणार?" मी विचारलं. "शब्द दे."

"निघीन म्हणते की."

"शब्द दे, आई."

"दिला. आता ठेव, ह्येंनी टीव्ही उचलाय घेतलाय. आवं! आवं, ठेवा तो खाली!"

शनिवार. साडेअडतीस.

बिल्डरला सकाळीच नाही म्हणून कळवलं. गोडोलीच्या फ्लॅटचा मालक म्हणाला, सोमवारी या, घाई नाही. साताऱ्याच्या कॉलेजातल्या विभागप्रमुखांना फोन केला, ते म्हणाले, तू येतोयस हे ऐकून बरं वाटलं, इथं पूरबीर काही नाही.

सुंदरीनं निळी पिशवी माझ्या हातात दिली. "मी इथं आहे. ही आता तिकडं लागेल."

मी दुपारच्या गाडीनं सांगलीला निघालो. परत येताना पाण्याच्याच दिशेनं. मांडीवर पिशवी. पेठ नाक्याला फोन बघितला, साडेअडतीस आणि दोन इंच. आईनं चाळीस म्हटलंय. तिचा शब्द खरा आहे हे मला माहीत आहे. पण चाळीसला निघायचं म्हणजे चाळीसला रस्ता उघडा असायला हवा, आमची गल्ली उघडी असायला हवी, बाबांचे गुडघे चालायला हवेत, आणि सगळं सुखरूप झालं तरी पुढच्या जुलैत आई-बाबा परत त्याच घरात असणार आणि मी साताऱ्यात. निर्णय बरोबर झाला. त्याचं गुणोत्तर शून्य आहे. भीती तेवढीच आहे, फक्त ती दुसऱ्या माणसाकडे गेली.

ईश्वरपूर सोडलं तेव्हा आईचा फोन आला. मी घाबरत उचलला.

"कुठं पोचलास?"

"आष्ट्याजवळ. पाणी किती?"

"मगाशी बाबा पुलावर बघून आले. एकोणचाळीस म्हणतात. तू लौकर ये, दिवस मावळायच्या आत. जेवण झाकून ठेवलंय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आन् ती पिशवी आणलीस का रं? ती पायरी मोकळी दिसतीया, बरं वाटत न्हाई."

"आणलीय."

"शिट्टी हाय का बघ त्यात."

मी चेन उघडून बघितलं. होती.

२०१९च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पाणी जिन्याच्या अकराव्या पायरीवर येऊन थांबलं. जिन्याला पायऱ्या बारा आहेत.